शब्दांचा मारा, लिंकचा बाजार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘पुण्यात कोल्हापुरी चप्पल हवी आहे? मग आमच्या पुणे कोल्हापुरी चप्पल दुकानात या. आमची कोल्हापुरी चप्पल ही पुण्यातली सर्वोत्तम कोल्हापुरी चप्पल असून स्वस्त कोल्हापुरी चप्पल पुणे येथेच मिळते.’

हा नमुना मी रचलेला आहे, पण वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत असे परिच्छेद सर्रास दिसतात. ते गिऱ्हाइकासाठी लिहिलेलेच नसतात. गूगलने ते वाचावेत आणि दुकान वर चढवावं एवढीच अपेक्षा असते. पूर्वी हेच शब्द पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत लिहीत, म्हणजे माणसाला काही दिसायचं नाही आणि यंत्राला सगळं दिसायचं. याला कीवर्ड स्टफिंग म्हणतात. त्याचा थोरला भाऊ म्हणजे लिंक स्पॅम : आपल्या साइटकडे बोट दाखवणाऱ्या हजारो लिंक विकत घेणं किंवा पेरणं. या दोन्हींबद्दल धंदेवाल्यांमध्ये आणि त्यांना सल्ला देणाऱ्यांमध्येही काही समजुती पक्क्या रुजल्या आहेत.

गैरसमज : शब्द जितक्या वेळा, तितका नंबर वर

नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या सर्च इंजिनांबाबत हे बरंचसं खरं होतं. पण त्याच दशकात लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीएम२५ नावाचं सूत्र बसवलं आणि या युक्तीतला दम बराच काढून घेतला. गूगलचं आजचं नेमकं सूत्र जाहीर नाही. मात्र बीएम२५ सगळ्यांसमोर आहे आणि इलॅस्टिकसर्चसारख्या प्रणालींत आजही तेच मूळ धरलेलं असतं, त्यामुळे हिशोब करून पाहता येतो. पानाची लांबी सरासरीइतकी असेल, तर एखादा शब्द `n` वेळा आल्याबद्दल मिळणारे गुण नेहमीच्या मूल्यांनुसार असे :

```
2.2 * n / (n + 1.2)
```

‘चप्पल’ एकदा आलं तर १ गुण. दोनदा आलं तर १.३८. दहा वेळा आलं तर १.९६. शंभर वेळा आलं तर २.१७. आणि लाख वेळा लिहिलं तरी २.२ ची रेघ ओलांडता येत नाही. पहिल्या दोन-चार उल्लेखांतच बहुतेक कमाई होऊन जाते, पुढचे नव्वद उल्लेख जवळजवळ फुकट जातात.

फुकट गेले तर चालेलही, पण ते नुकसानही करतात. हे सूत्र पानाची लांबी बघतं. तळाशी भरताड करून पान सरासरीच्या दुप्पट लांब झालं, की त्यावर एकदाच आलेल्या दुसऱ्या कुठल्याही शब्दाचे गुण १ वरून ०.७१ पर्यंत घसरतात. म्हणजे ‘चप्पल’चा मारा करताना ‘दुरुस्ती’ किंवा ‘होम डिलिव्हरी’ शोधत येणारं गिऱ्हाईक आपण स्वतःच मागे ढकलतो.

‘मजकुरात कीवर्डचं प्रमाण अमुक टक्के ठेवा’ हा सल्ला अजून दिला जातो. वरचा हिशोब डोळ्यांसमोर ठेवला की त्याला आधार नाही हे कळतं. पानाच्या कोडमध्ये `meta keywords` या खास जागी शब्दांची यादी भरण्याचंही तेच. रँकिंगसाठी आपण ती बघतच नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलं आहे. तरी ती भरून देण्याचे पैसे घेणारे लोक आहेत.

गैरसमज : प्रत्येक लिंक म्हणजे एक मत, तेव्हा मतं गोळा करा

इथे जरा थांबून बघायला हवं, कारण ही समजूत हवेतून आलेली नाही. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी मांडलेली पेजरँकची कल्पना मुळात अशीच होती. एक पान दुसऱ्याला लिंक देतं, तेव्हा ते आपल्या वजनातला काही वाटा त्याला देतं. वाटा ८५ टक्के, आणि तो त्या पानावरच्या सगळ्या लिंकमध्ये समान वाटला जातो. त्यामुळे शंभर लिंक असलेल्या पानावरून आलेली लिंक ही तेवढ्याच वजनाच्या, पण एकच लिंक असलेल्या पानावरच्या लिंकपेक्षा शंभरपट हलकी.

पण या रचनेत एक भोक होतं. कोणाचीच लिंक नसलेल्या पानालाही जन्मतः ०.१५ इतकं वजन मिळतं. आता मी एक हजार रिकामी पानं उभी केली आणि प्रत्येकावर माझ्या दुकानाची फक्त एक लिंक ठेवली, तर काय होईल? प्रत्येक पान ०.१५ च्या ८५ टक्के, म्हणजे ०.१२७५ पुढे पाठवेल. हजार पानांचे झाले १२७.५. एकाही खऱ्या माणसाने माझ्या दुकानाचं नाव घेतलेलं नसताना! हजार बोगस रेशनकार्डं काढून एकाच घरी धान्य उतरवण्याचा हा प्रकार. आणि माझ्या पानाने त्या हजारांना उलट लिंक दिल्या, तर वजन फिरून फिरून येतं आणि फायदा साधारण साडेतीन पट होतो. याला लिंक फार्म म्हणतात.

उपाय सुचला तोही स्टॅनफर्डमध्येच. झोल्तान ग्योन्ग्यी आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी याहूच्या यान पेडरसन यांच्यासोबत २००४ मध्ये ट्रस्टरँक मांडला. त्याची किल्ली अशी, की जन्मतः मिळणारं वजन सगळ्यांना द्यायचंच नाही. माणसांनी तपासून निवडलेल्या मोजक्या विश्वासू साइट्सनाच ते द्यायचं आणि तिथून लिंकवाटे ते पुढे झिरपू द्यायचं. त्यांच्या प्रयोगात अशा बीज-साइट्स दोनशेहूनही कमी होत्या. चांगल्या साइट्स सहसा टुकार साइट्सना लिंक देत नाहीत, या साध्या निरीक्षणावर हे सगळं उभं आहे. आता माझ्या हजार रिकाम्या पानांना सुरुवातीलाच शून्य मिळतं, आणि शून्याच्या ८५ टक्के शून्यच.

मग स्पॅमवाल्याला एकच रस्ता उरतो. विश्वासू साइटवरून लिंक मिळवायची, पैसे देऊन, लबाडीने किंवा साइट हॅक करून. आज लिंकचा जो बाजार चालतो तो यामुळेच.

गैरसमज : गूगलला सगळं कळतं

नाही कळत. जेसी पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीचं उदाहरण घ्या. २०१० च्या अखेरीस, ऐन नाताळच्या खरेदीत, ‘ड्रेसेस’, ‘बेडिंग’, ‘एरिया रग्ज’ असं काहीही शोधलं तरी पहिलं नाव त्यांचंच यायचं. ‘सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज’ शोधलं तर खुद्द सॅमसोनाइट कंपनीही त्यांच्या खाली. न्यूयॉर्क टाइम्सने एका जाणकाराला याचा माग काढायला सांगितलं, तेव्हा जेसी पेनीकडे नेणाऱ्या, ‘इव्हनिंग ड्रेसेस’सारखे नेमके शब्द वापरलेल्या लिंक दोन हजारांवर पानांवर सापडल्या. ती पानं कशाबद्दल होती? घोरणं, मासेमारी, दातांचे डॉक्टर, बाथरूमच्या टाइल्स, विनोद. यातल्या कुठल्याच वाचकाला संध्याकाळच्या ड्रेसची लिंक देण्याचं कारण नव्हतं.

वर्तमानपत्राने हे गूगलपुढे ठेवलं, तेव्हा गूगलने हाताने कारवाई केली. ९ फेब्रुवारी २०११ च्या संध्याकाळी सात वाजता सॅमसोनाइटच्या शोधात पहिला असलेला जेसी पेनी दोन तासांनी ७१ वा होता. ‘लिव्हिंग रूम फर्निचर’मध्ये पहिल्यावरून ६८ वा. कंपनीने या लिंक आपल्या परवानगीने लावल्याचं नाकारलं आणि आपल्या एसईओ संस्थेला काढून टाकलं.

या प्रकरणाचं मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की संपूर्ण सणाचा हंगाम निघून गेला तरी यंत्राने हे पकडलं नव्हतं. पकडलं ते एका बातमीदाराने. चौदा महिन्यांनी, २४ एप्रिल २०१२ ला, गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि अशा लिंक ओळखण्याचं काम माणसाकडून यंत्राकडे सरकलं. ओळखण्याच्या खुणा जेसी पेनीच्या यादीतच दिसतात : लिंक देणाऱ्या पानाचा आणि घेणाऱ्याचा विषय जुळत नाही, आणि लिंकमधले शब्द शोधातल्या शब्दांशी नको इतके जुळतात. माणसं लिंक देताना ‘इथे बघा’ म्हणतात, दुकानाचं नाव लिहितात, कधी नुसता पत्ता चिकटवतात. हजार अनोळखी माणसं एकच वाक्प्रचार वापरत असतील, तर ती एकाच माणसाची करणी असते.

गैरसमज : स्पर्धक माझ्या साइटवर घाण लिंक सोडून मला बुडवेल

पेंग्विनच्या पहिल्या चार वर्षांत या भीतीला अर्थ होता, कारण वाईट लिंकमुळे साइट खाली ढकलली जायची. त्यासाठीच ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगलने ‘या लिंक माझ्या धरू नका’ असं कळवण्याची सोय दिली. सप्टेंबर २०१६ पासून धोरण बदललं. आता अशा लिंक बहुतेक वेळा शिक्षा न करता नुसत्या शून्य धरल्या जातात. डिसेंबर २०२२ पासून स्पॅमब्रेन ही शिकणारी यंत्रणा हेच काम लिंक विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या दोन्ही बाजूंना करते.

त्यामुळे निदान असं करा. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये `Manual actions` हा अहवाल उघडा. तिथे काही लिहिलेलं असेल, तर माणसाने तपासून केलेली शिक्षा आहे. लिंक काढून टाकून पुन्हा तपासणीचा अर्ज करावा लागेल. अहवाल कोरा असूनही नंबर घसरला असेल, तर कारणं अनेक असू शकतात. पण तुम्ही लिंक विकत घेतल्या असतील, तर एक शक्यता मोठी आहे : त्यांचं वजन शून्य झालं. मग मागण्यासारखी माफी नाही आणि परत मिळण्यासारखा नंबरही नाही, कारण तो नंबर तुमचा कधी नव्हताच. ‘पाच हजारांत हजार बॅकलिंक’ देणाऱ्याला हे माहीत असतं. पैसे मात्र आधी घेतलेले असतात.

पैसे देऊन लिंक लावायला बंदी आहे, हीसुद्धा चुकीची समजूत. जाहिरात म्हणून खुशाल लावा, फक्त कोडमध्ये `rel="sponsored"` लिहा, म्हणजे ती रँकिंगच्या हिशोबात ढवळाढवळ करत नाही. ही खूण घालायला विक्रेता तयार नसेल, तर तो काय विकतोय ते उघड आहे.

आणि तो माल येतो कुठून? बराचसा हॅक केलेल्या साइट्सवरून. वर्षानुवर्षं अपडेट न झालेल्या कॉलेजांच्या, संस्थांच्या, सरकारी कार्यालयांच्या साइट्स जुन्या आणि विश्वासू असतात, म्हणून त्यांच्यात गुपचूप जुगाराची किंवा औषधांची पानं घुसवली जातात. मुखपृष्ठ उघडणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. तुमच्याकडे शाळेची, मंडळाची, पतपेढीची साइट असेल, तर गूगलमध्ये `site:example.com casino` असं शोधून बघा, `example.com`च्या जागी आपला पत्ता घालून. मग `casino`च्या जागी `betting` आणि `viagra` घालून पुन्हा बघा. एक जरी पान सापडलं, तर साइट सांभाळणाऱ्याला आजच फोन करा.