तेराव्यानंतरचा चौथा महिना

मृत्यूनंतरचे पहिले तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. कोणी डबा आणतो, कोणी रात्री सोबतीला राहतो, दूरचे नातलगही आवर्जून भेटून जातात. पुढे मुले आपापल्या गावी परततात आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फोनही थांबतात. दिवाळी आली तरी ‘त्यांच्याकडे यंदा सण नाही’ म्हणून कोणी फिरकत नाही. घरातले एकटेपण मात्र याच सुमारास पुरते जाणवू लागते. आपल्या मित्राची चौकशी करण्याची खरी वेळ हीच होय.

अडचण अशी, की ‘कसा आहेस?’ या प्रश्नाला ‘ठीक चाललंय’ हेच उत्तर येते. ते सौजन्याचे उत्तर असते. त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून प्रश्न लहान आणि नेमका असावा. ‘काल रात्री काय जेवलास?’, ‘पहाटे किती वाजता जाग येते?’, ‘या आठवड्यात घराबाहेर कधी पडलास?’ अशा प्रश्नांना ‘ठीक’ म्हणून टाळता येत नाही.

एक उदाहरण पाहू. बहात्तर वर्षांच्या एका गृहस्थांची पत्नी आषाढात गेली. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब हे दोन्ही विकार. गोळ्या काढून हातावर ठेवणे, जेवणाची वेळ सांभाळणे, डॉक्टरांची तारीख लक्षात ठेवणे हे सारे पत्नीच करी. कार्तिकात एक जुना मित्र संध्याकाळी त्यांच्याकडे गेला. ‘रात्री काय जेवतोस?’ या प्रश्नावर उत्तर आले, ‘चहा आणि बिस्किटं. एकट्यासाठी कोण शिजवणार?’ पट्ट्याला नवे भोक पाडलेले दिसले. मित्राने गोळ्यांची पाकिटे मागून घेतली. रोज एक याप्रमाणे महिन्याच्या एक तारखेला तीस गोळ्या सुरू केल्या होत्या. त्या दिवशी वीस तारीख होती. म्हणजे दहा उरायला हव्या होत्या. प्रत्यक्षात एकोणीस होत्या. तोंडाने जे सांगितले गेले नव्हते, ते पाकिटाने सांगितले.

येथे धोका दुहेरी आहे. गोळ्या चुकल्या तर साखर आणि रक्तदाब वाढतात. उलट मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन जेवण टाळले, तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलण्यात गोंधळ होतो. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर त्वरित साखरपाणी द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. चुकलेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी दोन एकदम मात्र कधीही घेऊ नयेत. त्या मित्राने मग तीन गोष्टी केल्या. सात वारांच्या खणांची गोळ्यांची डबी आणली, रात्रीचा डबा लावून दिला आणि त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे वजन, साखर व रक्तदाब तपासून आणला. त्यानंतर दर बुधवारी दिवेलागणीला फोन ठरला. वार ठरलेला असला, की ‘मी भार तर होत नाही ना’ हा संकोच उरत नाही.

गेलेल्या व्यक्तीचे नाव घेण्यास आपण कचरतो. जखम उघडेल असे वाटते. पण ती व्यक्ती विस्मरणात गेलेली नसतेच. ‘वहिनींनी केलेले अनारसे आठवतात’ एवढे म्हणावे आणि गप्प बसावे. डोळे भरून आले तर ‘सावर आता’ असे म्हणू नये. थोड्या वेळाने तोच मित्र क्रिकेटविषयी बोलू लागला, तर त्याचेही नवल वाटून घेऊ नये. शोक असाच चालतो: कधी आठवणींकडे, कधी रोजच्या जगण्याकडे. या दोन्हींतली ये-जा चालू असणे हे चांगले लक्षण आहे.

ये-जा थांबली, तर मात्र सावध व्हावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणानुसार, सहा महिन्यांहून अधिक काळ आणि त्या समाजाच्या रीतीच्या मानाने फारच तीव्र राहिलेला, दैनंदिन व्यवहार रोखून धरणारा शोक हा उपचार करण्याजोगा विकार मानला जातो. ‘आता जगून काय करायचे’ असे वारंवार कानावर आले, तर सहा महिन्यांची वाट पाहू नये. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्यांना एकटे सोडू नये, घरच्यांना कळवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक निःशुल्क असून तो चोवीस तास चालू असतो. तेथे मराठीतूनही बोलता येते.

आपल्या दिनदर्शिकेत त्या घरातील तीन तारखा लिहून ठेवाव्यात: गेलेल्याचा जन्मदिवस, लग्नाचा वाढदिवस आणि मृत्यूची तिथी. त्या दिवशी सकाळीच फोन करावा, आणि संध्याकाळी शक्य असल्यास जाऊन बसावे.