पिनकोडवरून दुकान शोधताना

समजा, एका फरसाणवाल्याची दोन दुकानं आहेत, उल्हासनगर कॅम्प ५ (४२१००५) आणि बदलापूर (४२१५०३). अंबरनाथचं गिऱ्हाईक साइटवर ४२१५०१ टाकतं. साइट तोच आकडा जुळवत बसली, तर उत्तर येतं ‘दुकान नाही’. आकड्याने जवळचं शोधलं, तर बदलापूर निघतं, कारण फरक फक्त दोनचा! प्रत्यक्षात कॅम्प ५ अंबरनाथला खेटून आहे आणि बदलापूर स्टेशन अंबरनाथपासून रेल्वेने आठेक किलोमीटर. पिनकोड टपाल वाटण्यासाठी आहे, अंतर मोजण्यासाठी नाही.

म्हणून प्रत्येक पिनकोडच्या साधारण मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश एका तक्त्यात ठेवावेत. तीन शहरांपुरता तक्ता तासाभरात हाताने होतो. दुकानाचे मात्र अगदी दारातले घ्यावेत. साइट या दोन बिंदूंमधलं अंतर काढून जवळचं दुकान आधी दाखवते. नकाशासाठी Leaflet आणि OpenStreetMap पुरतात:

```
L.marker([19.20, 73.19]).addTo(map)
```

इथे अक्षांश आधी. उलट लिहिलंत, तर अंबरनाथची खूण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडेल. खूण दिसेना झाली, तर नकाशा लहान करून आधी तिथेच बघा.

आणखी एक खास आपल्याकडची भानगड म्हणजे रूळ. साइट काढते ते अंतर सरळ रेषेतलं असतं. पूर्वेच्या माणसाला पश्चिमेचं दुकान अर्ध्या किलोमीटरवर दिसतं, पण गाडीने जायचं तर पुलाचा वळसा पडतो. तेव्हा दुकानाच्या नावापुढेच ‘पूर्व’ की ‘पश्चिम’ ते ठळक लिहा.