गोळी तीच, रंग वेगळा

कामशेतच्या पुढच्या एका गावातून पन्नाशीच्या एक मावशी गेल्या पावसाळ्यात आमच्या सरकारी रुग्णालयात आल्या. अंगावर पित्ताच्या गांधी, रात्रभर खाज, आणि हे दीड महिना चाललेलं. उष्णता, पावसाळी हवा, सुकट, सगळ्यांना दोष देऊन झाला होता. रक्तदाबाची गोळी त्या सहा वर्षं घेत होत्या. त्रास सुरू होण्याच्या सुमारास त्यांची नेहमीची गोळी दुकानात मिळाली नव्हती आणि त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली होती. एवढं ऐकून मी ते औषधच बंद केलं आणि केसपेपरवर लाल शाईने त्याची ॲलर्जी असल्याचं लिहिलं. ही माझी घाई झाली. जे औषध सहा वर्षं सोसलं, ते एकाएकी का सोसू नये, हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता.

औषध बदलूनही गांधी थांबल्या नाहीत. पुढच्या खेपेला मी त्यांना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितलं. पिशवीत जुनी पांढरी गोळी होती आणि नवी पिवळी. शिवाय खाज थांबावी म्हणून दुकानातून आणलेली ॲलर्जीची गोळी होती, तीही पिवळी. दोन्ही पिवळ्या गोळ्यांच्या पाकिटांवर मागे बारीक अक्षरांत एकच शब्द होता : टार्ट्राझीन.

गोळीत औषधाचा वाटा अनेकदा अगदी थोडा असतो. पाच मिलिग्रॅम औषध चिमटीतही धरता येणार नाही. त्याला आकार यावा, गोळी फुटू नये आणि पोटात गेल्यावर विरघळावी, म्हणून लॅक्टोज, स्टार्च, सेल्युलोज असे पदार्थ घालतात. ओळखता यावी म्हणून वरून रंग देतात. यांपैकी पाकिटावर काय छापलं जातं हे माहीत असलं पाहिजे. आपल्याकडच्या नियमांनुसार मूळ औषध आणि त्याचं प्रमाण छापावं लागतं. परवानगी असलेला रंग वापरला असेल तर त्याचं नावही द्यावं लागतं. बाकीचे पदार्थ मात्र बहुतेक वेळा ‘एक्सिपियन्ट्स क्यू.एस.’ या दोन शब्दांत उरकलेले असतात. त्याचा अर्थ ‘पूरक पदार्थ, लागतील तेवढे’. रंगाच्या बाबतीतही कित्येक पाकिटांवर, विशेषतः कॅप्सूलच्या, ‘मान्यताप्राप्त रंग वापरला आहे’ एवढंच असतं. काही पाकिटांवर हल्ली क्यूआर कोड दिसतो, त्यात औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, मुदत असा तपशील असतो.

मावशींच्या बाबतीत रंगाचं नाव छापलेलं होतं, म्हणून धागा सापडला. दोन्ही पिवळ्या गोळ्या बंद केल्या. ॲलर्जीसाठी पांढरी, बिनरंगाची गोळी दिली. दोन आठवड्यांत अंग स्वच्छ झालं. मग तीही काही दिवस थांबवली आणि आधी जुनी पांढरी रक्तदाबाची गोळी पुन्हा सुरू केली. काहीच झालं नाही. शेवटी वॉर्डात ठेवून, इंजेक्शनची तयारी करून, पिवळी गोळी एकदाच दिली. दोन तासांत दंडावर गांधी उठल्या. केसपेपरवरची लाल ओळ मी खोडली. औषध निर्दोष होतं, दोष रंगाचा होता. ती ओळ तशीच राहिली असती, तर एक चांगलं आणि स्वस्त औषध त्यांना जन्मभर कुणी दिलं नसतं. हा प्रयोग घरी मात्र कुणी करू नये, आणि पूर्वी औषधाने धाप लागली असेल किंवा घसा, जीभ सुजली असेल तर नाहीच नाही.

टार्ट्राझीनने असा त्रास फार थोड्या लोकांना होतो, त्यामुळे प्रत्येक पिवळ्या गोळीला घाबरू नये. पण ज्यांना होतो, त्यांनी त्याची दोन नावं लक्षात ठेवावीत. औषधावर ‘टार्ट्राझीन’ असतं, तर खाऊच्या पाकिटावर तोच रंग अनेकदा ‘आयएनएस 102’ या आकड्याने येतो. लोणावळ्याच्या बाजारातून पर्यटक रंगीत जेली, गोळ्या, सरबतं घेऊन जातात. त्यांच्या घटकांच्या यादीत हा आकडा शोधावा.

लॅक्टोजचा प्रश्न वेगळा आहे. दूध पचत नाही म्हणून गोळीतल्या लॅक्टोजच्या भीतीने मधुमेहाचं औषध सोडणारे लोक मी पाहिले आहेत. इथे हिशेब करावा. एका गोळीत साधारण शंभर मिलिग्रॅम लॅक्टोज धरलं, तर ते दोन चमचेही नव्हे, जेमतेम दोन मिलिलिटर दुधात असतं तेवढं. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात ते नऊ-दहा ग्रॅम असतं. दूध न पचणारे बहुतेक लोक चहातलं दूध सोसतात, त्यांना गोळी सोसतेच. दुधाची ॲलर्जी ही मात्र निराळी गोष्ट आहे. तिथे शत्रू साखर नसून दुधातली प्रथिनं असतात. दम्याच्या कोरड्या पावडरीच्या कॅप्सूलमध्ये औषधाला वाहून नेण्यासाठी लॅक्टोज असतं आणि त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो. दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलांना त्याने क्वचित त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. अशा मुलाच्या आईवडिलांनी डॉक्टरांना हे आधीच सांगावं. पावडरीऐवजी फवाऱ्याचा पंप देता येतो. पण दम्याचं औषध आपल्या मनाने थांबवू नये.

ग्लूटेनचं कोडं स्टार्चमध्ये आहे. गोळ्यांत बहुधा मक्याचा स्टार्च असतो आणि तो सिलिॲकच्या रुग्णाला चालतो. गव्हाचा क्वचित असतो, पण ‘लागतील तेवढे’ या शब्दांत तो ओळखू येत नाही. मावळातल्या घरात इंद्रायणीचा भात असतो, त्यामुळे गव्हाची पोळी सोडणं त्या मानाने सोपं जातं. फसगत फोडणीत होते. बांधीव हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ असतं. खाद्यपदार्थांवर गहू, दूध, शेंगदाणा यांसारखे ॲलर्जीचे घटक जाहीर करणं बंधनकारक असल्याने हिंगाच्या डबीवर ते वाचता तरी येतं. औषधाच्या पट्टीवर ते अनेकदा सापडत नाही.

मग औषधातलं कळायचं कसं? पहिली अडचण आपल्या सवयीची आहे. आपण चार गोळ्या मागतो, दुकानदार पट्टी कापून देतो आणि घटकांचा मजकूर उरलेल्या तुकड्यावर राहतो. तेव्हा कापण्याआधी पूर्ण पट्टीच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो घ्यावा. खोक्यात माहितीपत्रक असेल तर ते मागावं, काही पत्रकांत पूरक पदार्थ दिलेले असतात. तेवढ्याने भागलं नाही तर पट्टीवर उत्पादकाचा पत्ता असतोच, तिथे औषधाचं नाव आणि बॅच क्रमांक देऊन विचारावं आणि उत्तर लेखी मागावं. युरोपात याच औषधाच्या पत्रकात पूर्ण यादी असते, पण ती वाचून निर्धास्त होऊ नये. औषध एक असलं तरी कंपनीगणिक पूरक पदार्थ बदलतात.

मावशींच्या पाकिटात आता एक चिठ्ठी असते : ‘टार्ट्राझीन रंग चालत नाही. रक्तदाबाची गोळी पांढरी द्यावी.’ दुकानदाराने कंपनी बदलली की त्या आधी पट्टी उलटी करून बघतात. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. त्या शब्दाची अक्षरं त्यांनी नातीकडून चिठ्ठीवर उतरवून घेतली आहेत आणि तो आकार पट्टीवर शोधतात.