मागच्या दोन नमुन्यांवरून पुढचा

जीएसएम मोबाइलवर तुम्ही ‘आ’ म्हणता, तेव्हा आवाजाची लाट सेकंदाला ८,००० वेळा मोजली जाते. जीएसएमच्या मूळ पद्धतीत या मापांचे २० मिलिसेकंदांचे तुकडे, म्हणजे १६० नमुन्यांच्या फ्रेम पाडतात. एवढ्याशा वेळात जीभ-ओठ फारसे हलत नाहीत. त्यामुळे मागच्या नमुन्यांना ठरावीक गुणकांनी गुणून पुढच्याचा अंदाज बांधता येतो. हे गुणक शोधणं म्हणजे रेषीय पूर्वानुमान.

मागचे दोनच नमुने घेऊन हिशेब करून पाहू. आधी फ्रेमच्या दोन्ही कडा हळूहळू शून्याकडे उतरवतात. मग प्रत्येक नमुन्याचा वर्ग करून बेरीज घेतात. समजा ती १० आली. प्रत्येक नमुना लगतच्या पुढच्याशी गुणून बेरीज केली, ती ८; एक सोडून पुढच्याशी गुणून केली, ती ४. गुणक काढायला हे तीन आकडे पुरेसे आहेत.

पहिल्या पायरीला फक्त एकच मागचा नमुना वापरू. गुणक ८ भागिले १०, म्हणजे ०.८. चूक सुरुवातीला १० होती, तिला (१ − ०.८²) ने गुणलं की ३.६ उरते.

आता दुसरा नमुना घेऊ. ०.८ हा एकटा गुणक खरा धरला, तर तिसरा आकडा ०.८ × ८ = ६.४ यायला हवा होता. आला ४. हा −२.४ चा फरक उरलेल्या ३.६ ने भागला की दुसरा गुणक मिळतो: −०.६७. त्याच्या येण्याने पहिलाही बदलतो: ०.८ − (−०.६७ × ०.८) = १.३३. चूक आता ३.६ × (१ − ०.६७²), म्हणजे २ वर येते. तिसरा नमुना घ्यायचा झाला तरी समीकरणं पहिल्यापासून सोडवावी लागत नाहीत. हाताशी असलेल्या गुणकांत दुरुस्ती करून पुढं जायचं. नॉर्मन लेव्हिन्सन यांनी १९४७ मध्ये मांडलेली ही रीत जेम्स डर्बिन यांनी १९६० मध्ये आणखी सुटसुटीत केली.

१.३३ आणि −०.६७ या जोडीतून सुमारे ७८० हर्ट्‌झचा अनुनाद निघतो. ‘आ’ म्हणताना घशा-तोंडाच्या पोकळीचा पहिला अनुनाद साधारण याच पट्ट्यात असतो.

गणित बिघडलं, तर तेही इथंच कळतं. प्रत्येक पायरीला नव्याने निघणारा गुणक −१ आणि १ यांच्या मध्येच असला पाहिजे. तिसरा आकडा ४ ऐवजी चुकून १ धरला, तर दुसरा गुणक −१.५ येतो आणि उरलेली चूक ऋण होते. वर्गांची बेरीज ऋण कशी असेल? अशा गुणकांवरून आवाज पुन्हा घडवायला गेलं, तर तो विरण्याऐवजी फुगतच जातो.

दोन गुणकांत एकच अनुनाद मावतो. ‘आ’ आणि ‘ई’ नीट वेगळे ऐकू यायला निदान दोन-तीन अनुनाद लागतात. म्हणून जीएसएममध्ये प्रत्येक फ्रेमसाठी असे आठ गुणक ठेवले.