पट्टी आणि तक्ता एकाच फोटोत

द्राक्षबागेत फवारणीच्या आधी टाकीतल्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, पाहून घेणारे शेतकरी आता बरेच आहेत. कॅप्टनसारखी काही औषधे अल्कधर्मी पाण्यात लवकर विघटित होतात. बोअरचे पाणी तर बहुधा ७ च्या वरचेच निघते. तपासणीला फार काही लागत नाही. वैश्विक दर्शकाचा कागद, ज्याला दुकानात पीएच पेपर म्हणतात, त्याची एक पट्टी पाण्यात बुडवायची आणि सोबतच्या रंगतक्त्याशी ताडून पाहायची. अडचण इथून पुढे येते. रंग दोन घरांच्या मधला दिसतो, मग तळहातावर पट्टी ठेवून फोटो काढला जातो आणि पुतण्याला किंवा औषधाच्या दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर जातो: ‘हा कितीचा रंग?’

त्या फोटोवरून याचे खरे उत्तर कोणालाच देता येणार नाही, कितीही अनुभव असला तरी. फोटोत तक्ता नाही, म्हणून. पाहणारा आपल्याजवळच्या तक्त्याशी, नाहीतर इंटरनेटवरच्या चित्राशी तो रंग जुळवणार, आणि त्यात पाऊण एककाची चूक सहज होते. सामूचे एक एकक म्हणजे आम्लतेत दहा पटींचा फरक, अर्धे एकक म्हणजे सुमारे तीन पटींचा. म्हणून ही चूक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

फोन आपल्याला रंग जसाच्या तसा दाखवत नाही. पिवळ्या बल्बखाली पांढरा कागद खरे तर पिवळट असतो, पण आपल्या डोळ्याला तो पांढराच वाटतो. फोनही तसाच दिसावा म्हणून कॅमेरा उजेडाचा अंदाज घेतो आणि सगळे रंग त्या अंदाजाप्रमाणे सरकवतो. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. हा अंदाज चौकटीत जे काही दिसते त्यावरून बांधलेला असतो. पट्टी तळहातावर असेल तर चौकटीत तांबूस रंग जास्त, पानावर असेल तर हिरवा जास्त, आणि दोन्ही वेळा कॅमेऱ्याचा निष्कर्ष वेगळा निघतो. त्यावर फोटो उठावदार दिसावा म्हणून रंग गडद करण्याचे काम फोन आपणहून करतो. म्हणजे पट्टीचा रंग तोच राहतो आणि फोटोतला रंग दर वेळी बदलतो.

यावर उपाय एकच आहे, आणि तो फुकट आहे. पट्टी आणि तक्ता एकाच चौकटीत, एकमेकांना लागून ठेवायचे. मग फोन रंग सरकवतो तेव्हा दोन्ही जवळजवळ सारखेच सरकतात, आणि आपल्याला हवा असतो तो फक्त त्या दोघांमधला संबंध.

फोटो काढण्याची रीत अशी. खाली साधा पांढरा कागद पसरावा, त्यावर तक्ता सपाट ठेवावा. पट्टी पाण्यातून काढल्यावर जास्तीचे पाणी झटकून टाकावे आणि पाकिटावर दिलेल्या वेळात, बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत, ज्या दोन घरांच्या मध्ये रंग वाटतो त्यांना जवळजवळ चिकटवून ठेवावी. थेट उन्हात न काढता सावलीत काढावे, आणि आपल्या अंगाची किंवा फोनची सावली अर्ध्याच कागदावर पडू देऊ नये. फ्लॅश बंद, कारण ओल्या पट्टीवर तो चमकतो आणि चमकेच्या जागी रंग उरतच नाही. नाइट मोड आणि एचडीआर बंद करता येत असतील तर बंद करावेत. हे दोन्ही प्रकार चौकटीच्या वेगवेगळ्या भागांवर वेगवेगळी प्रक्रिया करतात, आणि पट्टी व तक्ता सारखेच सरकतात हा आपला आधार तिथेच सुटतो.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी करून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण हिशोबाची रीत हीच आहे. बोअरच्या पाण्यात बुडवलेली पट्टी ७ आणि ८ च्या घरांमध्ये पडते आहे. डोळ्याने निर्णय होत नाही. फोटोतल्या कोणत्याही ठिकाणच्या रंगाचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे देणारी ‘कलर पिकर’ अ‍ॅप फोनवर मोफत मिळतात. पट्टीच्या मधोमध, कडा टाळून, एक लहान चौकोन घ्यायचा. तसाच एकेक चौकोन ७ च्या आणि ८ च्या घरातून. समजा आले असे: ७ च्या घरात १५०, १५२, ६०. ८ च्या घरात ९२, १२८, ६२. आणि पट्टीवर ११८, १३८, ६०.

हे तीन-तीन आकडे थेट एकमेकांशी ताडायचा मोह होतो, पण तो टाळावा. तक्ता कोरडा आहे आणि पट्टी ओली. ओला कागद कोरड्यापेक्षा गडद दिसतो, त्यामुळे तिन्ही आकडे खाली येतात आणि त्या फरकाचा सामूशी काही संबंध नसतो. गडदपणा बाजूला काढून फक्त रंगाची जात पाहायची असेल तर तिन्ही आकड्यांतून एकच आकडा काढतात, त्याला ह्यू म्हणतात. रंगांची फेरी वर्तुळावर मांडली तर तो त्यातला कोन: लाल ०, पिवळा ६०, हिरवा १२०, निळा २४० अंश. बरीच अ‍ॅप हा आकडा `H` या नावाने आयता दाखवतात. हाताने काढायचा असेल आणि तिघांत हिरवा सर्वांत मोठा असेल, तर सूत्र असे:

```
H = 60 × (2 + (B − R) / (max − min))
```

आपल्या पट्टीसाठी ६० वजा ११८ म्हणजे उणे ५८. त्याला १३८ वजा ६० म्हणजे ७८ ने भागले की उणे ०.७४ येतात. २ मधून ते गेले, ६० ने गुणले, की साधारण ७५ अंश. याच रीतीने ७ चे घर ६१ अंशांवर येते आणि ८ चे ९३ वर. दोन घरांमधले अंतर ३२ अंश, त्यातले १४ अंश पट्टी पुढे आली आहे, म्हणजे अंतराच्या थोडे अलीकडे-पलीकडे अर्धे. सामू ७.४ च्या आसपास. दशांशानंतर आणखी एक आकडा लिहू नये. ह्यू आणि सामू सरळ रेषेत चालत नाहीत, म्हणून दोन घरांमधली ही वाटणी अंदाजाचीच राहते.

हाच प्रयोग बल्बखालून उठून ओसरीच्या सावलीत केला तर काय होईल? समजा पट्टी आता ८४ अंशांवर आली. नऊ अंशांचा फरक पडला. पण ७ चे घरही ७० वर गेले आणि ८ चे १०१ वर. एकतीस अंशांतले चौदा अंश, म्हणजे पुन्हा तेच उत्तर. उलट बल्बखालच्या पट्टीची तुलना सावलीत काढलेल्या तक्त्याशी केली तर ७.२ येते, आणि सावलीतल्या पट्टीची बल्बखालच्या तक्त्याशी केली तर ७.७. पाणी एक, पट्टी एक, आणि उत्तरात अर्ध्या एककाचा फरक. दोन वेगळे फोटो जुळवण्यातला धोका एवढा आहे.

एवढे करूनही एक चूक शिल्लक राहते, आणि ती फोटोवर दिसत नाही. पट्टीवर रंगद्रव्ये असतात, म्हणजे मिथाइल रेड, ब्रोमोथायमॉल ब्लू, थायमॉल ब्लू अशांचे मिश्रण. यातला प्रत्येक रंग सुमारे दीड-दोन एककांच्या पट्ट्यातच बदलतो. ब्रोमोथायमॉल ब्लू, उदाहरणार्थ, ६ च्या आसपास पिवळा असतो आणि ७.६ च्या पुढे निळा, आणि त्यांच्या मधला हिरवा आपण ७ म्हणून वाचतो. तक्त्यावर मात्र छपाईची शाई असते. शाईचा हिरवा आणि या द्रव्यांचा हिरवा आपल्या डोळ्याला सारखा वाटू शकतो, पण त्यांतला प्रकाश वेगळ्या घडणीचा असतो, आणि कॅमेऱ्याचे लाल-हिरवे-निळे गाळणे डोळ्याप्रमाणे काम करत नाही. एकाला जुळलेला रंग दुसऱ्याला जुळेलच असे नाही. जुना, उन्हात राहिलेला तक्ता असेल तर शाईही फिकट झालेली असते.

हे तपासायचे असेल तर रसायनांच्या दुकानात मिळणाऱ्या बफर गोळ्या आणाव्यात. ४, ७ आणि ९.२ या सामूच्या गोळ्या सर्रास मिळतात. वेष्टनावर सांगितलेल्या डिस्टिल्ड पाण्यात, बहुधा १०० मिलिलिटरमध्ये, एक गोळी विरघळवली की ठरावीक सामूचे पाणी तयार. ७ च्या बफरमध्ये नवी पट्टी बुडवा आणि ती वरच्याच पद्धतीने तक्त्याशी मोजा. उत्तर ७.० न येता ७.३ आले, तर हा तक्ता आणि हा फोन मिळून ७ च्या आसपास तीन दशांश जास्त दाखवतात. आपल्या पाण्याचा ७.४ मग प्रत्यक्षात ७.१ च्या जवळचा. हा फरक फक्त ७ च्या जवळच वापरावा, ९ च्या वाचनातून तो वजा करू नये, तिथे वेगळे द्रव्य काम करत असते. मला विचाराल तर बफर हातात असेल तेव्हा तक्त्यापेक्षा बफरमध्ये बुडवलेली ताजी पट्टी शेजारी ठेवून फोटो काढणे अधिक विश्वासाचे. तिथे ओला कागद ओल्या कागदाशी आणि तेच द्रव्य त्याच द्रव्याशी ताडले जाते.

काही ठिकाणी मात्र या रीतीचा उपयोगच नाही. १ ते ३ च्या भागात सगळे लालच असते, घरांमधले अंतर थोडे. शिवाय लालाचा कोन ० आणि ३६० ला मिळतो, त्यामुळे ३५५ आणि ५ हे शेजारी असूनही आकड्यात लांब दिसतात. १० च्या पुढे निळा आणि जांभळाही असेच दाटीने येतात. तिथे ‘१० च्या वर’ एवढेच लिहावे. हळदीचे किंवा कोकमाचे पाणी स्वतःच रंगीत असल्याने पट्टीचा रंग झाकते. ब्लीचिंग पावडर जास्त पडलेल्या पाण्यात क्लोरीन द्रव्यांचा रंगच उडवतो. पट्टी आधी रंगली आणि बघता बघता पांढरी पडत गेली तर हे ओळखावे, ते वाचन टाकून द्यावे आणि तसे पाणी मीटरनेच मोजावे.

बोअरच्या पाण्याबाबत एक गोष्ट आणखी. जमिनीखाली त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. पाणी वर येऊन उघड्या टाकीत राहिले की तो निघून जातो आणि सामू वाढतो. सकाळी पंपाच्या तोंडाशी घेतलेले वाचन आणि दुपारी टाकीतले वाचन वेगळे आले, तर लगेच फोटोला दोष देऊ नये. फवारणीसाठी कामाचा आकडा टाकीतल्या पाण्याचा, आणि तोही औषध कालवण्याच्या वेळचा. फोटो पाठवताना त्यासोबत एवढे लिहावे: पाणी कुठून आणि कधी घेतले, पट्टी बुडवल्यावर किती सेकंदांनी फोटो काढला. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या चित्राऐवजी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. चित्र म्हणून पाठवला तर ते आकसते, आणि अरुंद पट्टीच्या कडेचा रंग आतल्या रंगात मिसळतो.