ओली हळद की पावडर? आणि मिरे कशाला?

ताईंनो, आपल्या नांदेड-हिंगोलीकडं हळद निघाली की गटात हा प्रश्न येतोच.

ओल्या हळदीत बहुतेक पाणीच असतं. साधारण पाच किलो ओली हळद शिजवून वाळवली की एक किलो भरते. म्हणजे पावडरचा एक चमचा (३ ग्रॅम) आणि ओल्या हळदीचा १५ ग्रॅमचा तुकडा जवळपास सारखेच. ओलीला वास जास्त, कारण वाळवताना तिच्यातलं थोडं तेल उडून जातं.

हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनमुळं येतो. ते पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. ग्लासभर पाण्यात पावडर टाकून बघा, खाली बसते. फोडणीत टाकली की तेलच पिवळं होतं. म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा वरणात किंवा साईच्या दुधात घेतलेली बरी.

मिऱ्यांचं काम वेगळं. शरीर कर्क्युमिन लवकर बाहेर टाकतं, मिऱ्यांतलं पायपेरिन त्याला अडवतं. बंगळुरूच्या १९९८च्या अभ्यासात पायपेरिनमुळं रक्तात कर्क्युमिन वीसपट मिळालं. पण तिथं शुद्ध कर्क्युमिन २ ग्रॅम दिलं होतं. शंभर ग्रॅम पावडरमध्ये ते साधारण तीनच ग्रॅम असतं. तेवढ्यासाठी साठ-पासष्ट ग्रॅम पावडर लागेल, आणि तेवढी कुणी खाऊ नये.

म्हणून भाजीला चिमूटभर हळद, दोन कुटलेले मिरे पुरेत. हळदीच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.