आपल्या लॉगिनमध्ये दुसऱ्याचं नाव दिसलं, म्हणजे हॅक झालं का?

मागच्या वर्षी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे दिवस होते. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बा मोबाईल घेऊन शाळेत आले. म्हणाले, "सर, लॉगिन पोरीचं केलं आणि नाव दुसऱ्याच पोराचं येतंय. पत्ता पण त्याचाच. कुणी हॅक केलं का आपल्याला?" मी पान पुन्हा उघडलं, तरी तेच नाव. पंधरा-वीस मिनिटांनी मात्र मुलीचं स्वतःचं नाव दिसू लागलं. त्या वेबसाइटच्या आत नेमकं काय झालं होतं ते मला कळलं नाही. पण असा प्रकार जगात एकदा मोठ्या प्रमाणावर झालेला आहे आणि त्याचं कारण कंपनीनं स्वतः सांगितलेलं आहे. तेच आज समजून घेऊ.

आधी झेरॉक्सच्या दुकानाचा विचार करा. समजा, एका फॉर्मसाठी लोकांना दूरच्या कचेरीत हेलपाटे मारावे लागतात. म्हणून गावातला झेरॉक्सवाला कोऱ्या फॉर्मची एक प्रत ठेवतो आणि मागेल त्याला काढून देतो. लोकांचा वेळ वाचतो, कचेरीतली गर्दीही कमी होते. आता एके दिवशी कुणाचा तरी भरलेला फॉर्म त्याच्या हाती आला. त्यावर नाव, पत्ता, मोबाईल नंबर सगळं आहे. त्यानं तोच मूळ नमुना समजून ठेवला आणि पुढच्या प्रत्येकाला त्याचीच झेरॉक्स दिली. इथे कुणी कचेरीचं कुलूप तोडलेलं नाही. चूक एवढीच, की कोरा फॉर्म आणि भरलेला फॉर्म यातला फरक दुकानदारानं पाहिला नाही.

इंटरनेटवर हे झेरॉक्सचं दुकान म्हणजे सीडीएन, पूर्ण नाव कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क. मोठ्या वेबसाइटचा मुख्य सर्व्हर एखाद्याच ठिकाणी असतो. सीडीएन कंपनीची यंत्रं मात्र शहरोशहरी असतात. फोटो, लोगो, बातम्यांची पानं यांच्या प्रती ती यंत्रं जवळ ठेवतात. या साठवलेल्या प्रतीला कॅश म्हणतात. (हा रोख पैशांचा कॅश नव्हे.)

आता चूक पायरीपायरीनं बघू. संगमनेरची एक मुलगी लॉगिन करून `/profile` हे पान उघडते. तिच्या मोबाईलकडून दोन गोष्टी जातात. एक म्हणजे पानाचा पत्ता, दुसरी म्हणजे कुकी. लॉगिन केल्यावर वेबसाइट आपल्याला एक ओळखचिठ्ठी देते, तीच कुकी. सीडीएनकडे त्या पानाची प्रत नाही, म्हणून मागणी मुख्य सर्व्हरकडे जाते. सर्व्हर ओळखचिठ्ठी वाचतो आणि मुलीचं पान बरोबर बनवून देतो. इथपर्यंत सगळं ठीक आहे.

पण पान परत जाताना सीडीएन त्याची प्रत ठेवून घेतो आणि वर फक्त `/profile` एवढाच पत्ता लिहितो. दोन मिनिटांनी श्रीरामपूरचा मुलगा स्वतःच्या लॉगिननं `/profile` उघडतो. पत्ता सगळ्यांसाठी एकच असतो. सीडीएन पत्ता जुळवतो, ओळखचिठ्ठीकडे बघतच नाही आणि मुलीचं पान मुलाला देतो. मुख्य सर्व्हरला याचा पत्ताही लागत नाही, कारण मागणी त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. प्रतीची मुदत संपेपर्यंत किंवा कुणी ती पुसेपर्यंत हेच चालू राहतं. म्हणूनच असे प्रकार बऱ्याचदा काही मिनिटांनी आपोआप थांबलेले दिसतात.

२५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या दुकानात असंच झालं. स्टीम चालवणाऱ्या वाल्व कंपनीनं काही दिवसांनी खुलासा केला. नाताळच्या सेलमध्ये दुकानावर मुद्दाम खोट्या मागण्यांचा मारा झाला आणि रहदारी सेलमधल्या सरासरीपेक्षा २००० टक्क्यांनी वाढली. मुख्य सर्व्हर कोसळू नये म्हणून कॅश सांभाळणाऱ्या भागीदार कंपनीनं घाईघाईत नवे नियम लावले. माऱ्याच्या दुसऱ्या लाटेत लावलेला एक नियम चुकला. लॉगिन केलेल्या लोकांची पानंही साठवली गेली आणि इतरांना दिली गेली.

आपल्या घड्याळाप्रमाणे २६ तारखेच्या पहाटे १.२० ते २.५० एवढाच तो काळ. कुणाला दुकान परक्या भाषेत दिसलं, कुणाला परक्याचं खातं. सुमारे ३४,००० लोकांची माहिती दुसऱ्यांना दिसली असण्याची शक्यता होती. त्यात बिलाचा पत्ता, ईमेल, खरेदीची यादी आणि कार्डाचे शेवटचे दोन आकडे अशा गोष्टी होत्या. पासवर्ड किंवा पूर्ण कार्ड नंबर नव्हते. शेवटी दुकान बंद करून नवे नियम लावावे लागले.

खुलाशातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या दीड तासात ज्यानं आपल्या माहितीचं पान उघडलंच नाही, त्याची ती माहिती बाहेर जाणं शक्य नव्हतं. भरलेला फॉर्म दुकानात गेलाच नाही, तर झेरॉक्स कशाची निघणार?

मग आपल्याला परक्याचं नाव दिसलं तर काय करायचं? पहिलं, पान बंद करा आणि त्या वेबसाइटवर काही काळ लॉगिन करू नका, नाहीतर आपलंही पान साठवलं जाईल. दुसरं, त्या पानावर काही भरू नका. नाव दुसऱ्याचं दिसत असलं तरी ओळखचिठ्ठी तुमचीच आहे, त्यामुळे तुम्ही केलेला बदल तुमच्याच खात्यात पडू शकतो. तिसरं, वेळ आणि पानाचा पत्ता लिहून वेबसाइटवाल्यांना कळवा. स्क्रीनशॉट घरच्या किंवा मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकू नका. ती कुणाची तरी अमानत आहे. पासवर्ड बदलल्यानं ही चूक मिटत नाही, कारण पासवर्ड चोरीला गेलेलाच नसतो.

आपल्यापैकी काहीजण शाळेची किंवा ट्रस्टची वेबसाइट सांभाळतात. लॉगिननंतरच्या पानांबरोबर सर्व्हरनं ही ओळ पाठवली पाहिजे:

```
Cache-Control: private, no-store
```

म्हणजे हे पान एकाच माणसाचं आहे, प्रत ठेवू नका. पण एवढ्यावर भागत नाही. सीडीएनच्या सेटिंगमध्ये "सगळंच साठवा" असा नियम लावला, तर तो या ओळीलाही डावलू शकतो. वेबसाइट हळू चालते म्हणून घाईत लावलेला तोच नियम सगळ्यात धोक्याचा.

तपासायची रीत सोपी आहे. लॉगिन करून आपलं पान दोनदा उघडा. मग त्याच मोबाईलवर ब्राउझरची खासगी विंडो उघडून लॉगिन न करता तोच पत्ता टाका. लॉगिनचं पान आलं तर ठीक. तुमचं नाव दिसलं तर सीडीएनमधल्या प्रती लगेच पुसा, नियम काढा आणि मग ज्यांनी त्या वेळात लॉगिन केलं होतं त्यांना खरं काय झालं ते कळवा. कारण झेरॉक्स कुणाकुणाच्या हाती गेली, हे त्यांना स्वतःहून कधीच कळणार नाही.